घर सोडताना डिपॉझिटमधून रंगकामाचे ३२,००० कापले, ते बरोबर आहे का?

*नमस्कार ताई,*

*कोथरूडमधला टू बीएचके आम्ही मेअखेरीस सोडला. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार झाले, तिन्ही नोंदणी केलेले. डिपॉझिट ७५,००० रुपये. राहायला गेलो तेव्हा घराला नवा रंग दिलेला होता. किल्ल्या दिल्या तेव्हा मालक काका म्हणाले, "बघून कळवतो." दीड महिन्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेब आला: पूर्ण घराचं रंगकाम ३२,०००, साफसफाई ५,०००, ओट्याचा ग्रॅनाइट ९,०००, टीव्हीच्या स्टँडची छिद्रं २,५००, नवीन गीझर ७,८००, वीजबिल १,४६०. खात्यावर फक्त १७,२४० आले. खरं सांगते, मुलानं एका बेडरूमच्या भिंतीवर स्केचपेननं रेघोट्या ओढल्या, ओट्यावर नारळ फोडताना कडेचा टवका माझ्याच हातून उडाला, आणि चिमणी साफ करायची राहिली. पण गीझर आठ वर्षांचा होता, शेवटच्या महिन्यात बंद पडला तेव्हा मेसेज करून कळवलंही होतं. करारात "सामान्य झीज वगळता जागा आहे त्या स्थितीत परत द्यावी" एवढंच आहे. काका वयानं मोठे, आमच्याशी चांगले वागले, त्यामुळे भांडायचं नाही. पण एवढे पैसे सोडवतही नाहीत. काय करू?*

*— स. म., पुणे*

प्रिय स. म.,

माझ्या हिशेबानं काकांकडून तुम्हाला अजून ५१,००० रुपये यायला हवेत. हा आकडा कसा आला ते खाली सविस्तर सांगते, कारण तुम्ही त्यांच्यासमोर बसाल तेव्हा रागापेक्षा हा हिशेबच तुमच्या कामी येईल. तुमच्याकडून जे झालं ते तुम्ही स्वतःहून लिहिलंत, त्यानं तुमची बाजू पक्की झाली. तेवढं वजा करूनच आपण पुढे जाऊ.

आधी हे पैसे कुणाचे ते बघू. डिपॉझिट मालकाकडे असतं, पण मालकाचं नसतं. घर रिकामं करून ताबा दिला की ते परत करायचं, आणि त्यातून फक्त थकलेली देणी आणि खरोखर झालेलं नुकसान वजा करायचं. महाराष्ट्रात हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती नाही आणि तुम्हाला त्यावर व्याजही मिळत नाही. सरकार मात्र त्या न मिळालेल्या व्याजाची दखल घेतं. लिव्ह अँड लायसन्स करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, आणि ते काढताना एकूण भाड्यात परतीच्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के व्याज धरून मिळवतात. म्हणजे बिनव्याजी डिपॉझिट हा मालकाला मिळणारा फायदा आहे, हे मुद्रांकाच्या हिशेबातच मान्य झालेलं आहे. तो फायदा काकांनी ३३ महिने घेतला आहे.

वेगळं खातं नसल्यामुळे बहुतेक घरांत डिपॉझिट आलं की खर्चात मिसळून जातं. कुणी त्यातून कर्जाचा हप्ता भरतं, कुणी मुलीच्या लग्नाला वापरतं. परत द्यायची वेळ येते तेव्हा पैसे हाताशी नसतात, मग नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून जुन्याचं फेडलं जातं. "बघून कळवतो" या वाक्यामागे पुष्कळदा हीच अडचण असते. आणि नवा भाडेकरू येण्याआधी घर चकचकीत करायचा खर्चही त्याच पैशांतून निघाला तर बरं, असंही मालकाला वाटू लागतं. काकांची दानत मी इथून ठरवत नाही. पण त्यांनी पाठवलेली यादी नव्या भाडेकरूसाठी घर तयार करण्याच्या खर्चाची आहे. तुमच्या हातून झालेल्या नुकसानीची यादी अशी नसते.

परतीला किती दिवस, याचं उत्तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये दिवसांच्या आकड्यात सापडणार नाही. त्यासाठी करारच बघावा लागतो. तुमचा शेवटचा करार काढा आणि डिपॉझिटचं कलम शब्द न शब्द वाचा. बहुतेक करारांत "जागेचा रिकामा ताबा देतेवेळी" परत करण्याची अट असते, म्हणजे एका हातानं किल्ली आणि दुसऱ्या हातानं पैसे. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यातही वजावट करून उरलेली रक्कम ताबा घेतानाच द्यायची असं म्हटलं आहे. तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे "तुम्ही केंद्राचा कायदा मोडला" असं काकांना म्हणू नका. योग्य काय याची कसोटी म्हणून मात्र तो दाखवता येतो.

दीड महिना गेल्यामुळे काकांची बाजू आणखी एका बाबतीत लंगडी पडते. नुकसान झालं असं जो म्हणतो, ते सिद्ध करणं त्याच्याकडे असतं. किल्ल्या घेताना त्यांनी तुमच्यासोबत घर फिरून पाहिलं नाही, काही लिहून घेतलं नाही. त्यानंतर घरात रंगारी आले असतील, सफाईवाले आले असतील, भाडेकरूंना घर दाखवायला एजंट आले असतील. आज दिसणारी एखादी खरचट मेअखेरीस होती की नव्हती हे आता कोण सांगणार? तुम्ही स्वतः कबूल करताय त्या तीन-चार गोष्टी सोडल्या तर बाकी कशालाही त्यांच्याकडे पुरावा असण्याची शक्यता कमी आहे. तुमच्याकडे सामान हलवतानाचे फोटो किंवा व्हिडिओ असतील तर ते आजच वेगळे काढून ठेवा. घरच्यांना पाठवलेले, मागे भिंत दिसणारे साधे फोटोही चालतील.

आता "सामान्य झीज". तुमच्या करारातले हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. ही कल्पना जुनी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्येही भाडेपट्ट्यानं घेतलेली जागा वाजवी झीज वगळून होती तशी परत करायची असं लिहिलं आहे. तुमचा करार भाडेपट्टा नाही, लिव्ह अँड लायसन्स आहे. पण तेच तत्त्व तुमच्या करारात शब्दांनी आलं आहे, म्हणून ते तुम्हाला लागू आहे.

एखादी वजावट योग्य की अयोग्य ते बघताना मी तीन गोष्टी तपासते. ती गोष्ट तुमच्या मुक्कामात घडली का? घरात माणसं नीट राहिली तरी ती घडलीच असती का? आणि ज्या वस्तूचं नुकसान झालं तिचं त्या दिवशी किती मोल उरलं होतं? पहिल्या दोन प्रश्नांवर लोक पुष्कळ भांडतात. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि तुमचे बहुतेक पैसे नेमके तिथेच अडकले आहेत. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ झालेल्या तोट्याची भरपाई देतं. जुनी वस्तू जाऊन फुकटात नवी मिळावी अशी सोय त्यात नाही.

रंगापासून सुरुवात करू, कारण ३२,००० तिथेच आहेत. भिंतीचा रंग कुणी राहो न राहो, जुना होतोच. सोफ्यामागची काळसर पट्टी, स्विचभोवती बोटांचे डाग, उन्हाच्या बाजूला उडालेली छटा, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक, गॅसच्या वरच्या भागावरचा फोडणीचा हलका पिवळेपणा, हे सगळं झिजेत येतं. बाहेरच्या भिंतीतून किंवा वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून आलेली ओल आणि तिच्यामुळे निघालेले पोपडे तर मालकाचा आणि सोसायटीचा प्रश्न आहे, भाडेकरूनं ती वेळेवर कळवली असली म्हणजे झालं. २०२१ च्या त्या नमुना कायद्याच्या परिशिष्टात दुरुस्तीची कामं मालक आणि भाडेकरू यांच्यात वाटून दिली आहेत. त्यात भिंतींना रंग-सफेदी आणि दारं-खिडक्या रंगवणं हे मालकाच्या रकान्यात आहे.

तेव्हा पूर्ण घराचा रंग तुमच्या माथी येत नाही. हॉल, स्वयंपाकघर, दुसरी बेडरूम यांचा एक रुपयाही तुम्ही देणं लागत नाही. उरली स्केचपेनची भिंत. ती झीज नाही, हे तुम्हालाही पटलेलं आहे. इथे मी काकांच्या बाजूनं एक गोष्ट म्हणेन. एकच भिंत रंगवली की नवी छटा जुन्या तीन भिंतींत उठून दिसते, म्हणून एका भिंतीऐवजी ती पूर्ण खोली धरणं न्याय्य आहे. रंगाऱ्याच्या बिलात त्या खोलीचा वाटा किती ते काकांकडे मागा. मी तो ७,००० धरते. पण ७,००० सुद्धा पूर्ण द्यायचे नाहीत. भाड्याच्या घरातला रंग साधारण चार वर्षं टिकतो असं धरलं, तर तो ४८ महिन्यांचा झाला. तुम्ही ३३ महिने राहिलात. ते महिने त्या रंगानं आपलं काम केलं, त्यासाठी तुम्ही दर महिन्याला भाडं दिलं. काकांचे बुडाले ते उरलेले १५ महिने. ७,००० ला ४८ नं भागून १५ नं गुणलं की २,१८७ रुपये येतात. आपण २,२०० म्हणू.

चार वर्षं हा आकडा कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. काका म्हणतील, "मी भारीतलं इमल्शन लावलं होतं, सहा वर्षं टिकलं असतं." बिल दाखवलं तर तेही मान्य करा. ७२ महिन्यांपैकी ३९ उरले, तर आकडा ३,८०० च्या आसपास जातो. उलट साधा डिस्टेंपर असेल तर तो तीन वर्षांत संपतच येतो आणि आकडा ६०० पर्यंत खाली येतो. कुठूनही मोजलं तरी तो ३२,००० च्या जवळपासही जात नाही. एक लक्षात ठेवा, मोजणी पहिल्या करारापासून करायची. तिसऱ्या कराराच्या तारखेपासून मोजून "रंग अकराच महिन्यांचा होता" असं कुणी म्हणू लागलं तर ते चूक आहे. कागद तीन झाले तरी तुम्ही एकाच घरात सलग राहिलात.

तुमच्या करारात "घर सोडताना रंगकामापोटी एका महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं कलम असतं, तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. असं कलम पुण्यात आता सर्रास दिसतं, आणि सही केल्यावर त्याविरुद्ध भांडणं अवघड होतं. तुमच्याकडे ते नाही. तोंडी काही ठरलं होतं असा दावा आता पुढे आला तरी नोंदणी केलेल्या करारातल्या शब्दांसमोर तो टिकणं कठीण आहे.

टीव्हीच्या छिद्रांचे २,५०० हा रंगाचाच दुसऱ्यांदा लावलेला खर्च आहे. रंगारी रंग देण्याआधी भिंतीला पुट्टी भरतोच, आणि ते त्याच्या दरात धरलेलं असतं. तरी स्टँडसाठी ड्रिल मारून प्लग बसवणं हे खिळ्यापेक्षा मोठं काम आहे. स्टँड काढताना छिद्रं बुजवून द्यायची जबाबदारी तुमचीच होती. त्यासाठी मजुरी-पुट्टीचे ६०० द्या. छिद्रं टाइल्समध्ये असती तर मी जास्त धरले असते, कारण फुटलेली टाइल पुट्टीनं भरून येत नाही.

ओट्याचं जरा वेगळं आहे. ग्रॅनाइट रंगासारखा झिजत नाही, वीस-पंचवीस वर्षं आरामात जातो. म्हणून इथे महिने मोजून तुम्हाला फारसं काही सुटणार नाही. इथे प्रश्न येतो दुरुस्ती की बदल, हा. कडेचा टवका उडाला असेल तर ग्रॅनाइटचं काम करणारा माणूस त्या रंगाचं एपॉक्सी भरून, घासून पॉलिश करून देतो. नीट बघितलं तर खूण दिसते, पण ओटा पूर्वीसारखाच वापरता येतो. यासाठी मी १,५०० धरते. नऊ हजार तेव्हाच योग्य ठरले असते, जर तडा सिंकपर्यंत आरपार गेला असता आणि फरशी बदलण्यावाचून इलाज नसता. काकांनी खरंच नवा ग्रॅनाइट बसवला आहे का, तेही विचारा. पुष्कळदा कोटेशन घेतलं जातं, पैसे कापले जातात आणि ओटा तसाच राहतो.

गीझरबद्दल दोन्ही बाजू सांगते. नमुना कायद्याच्या त्याच परिशिष्टात नळ, स्विच, सॉकेट आणि गीझर यांची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूच्या रकान्यात आहे. राहत असताना कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला असता आणि तुम्ही दुरुस्तीचे पैसे भरले असते, तर ते वावगं नव्हतं. पण इथे नवा गीझर घेतला गेला आहे. पुण्यात टँकर-बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षारांचा थर चढतो, टाकी आतून गंजते. आठ वर्षं चाललेल्या गीझरनं आपलं आयुष्य बहुतेक संपवलेलं असतं. त्याचं उरलेलं मोल शून्याच्या जवळ आहे. शिवाय तुम्ही वेळेवर कळवलंत, आणि तो मेसेज तुमच्याकडे आहे. तेव्हा ७,८०० पैकी काहीही नाही. "दुरुस्तीला इतके लागले असते" असं मेकॅनिकचं कागदावरचं म्हणणं काकांनी आणलं, तर तेवढ्यापुरतं बोलायला तयार राहा. नव्या गीझरला नाही.

साफसफाईचे ५,००० कशाचे ते यादीत लिहिलेलं नाही. घर झाडून-पुसून, कचरा आणि सामान न ठेवता देणं हे तुमचं काम, आणि ते तुम्ही केलं असेल असं मी धरून चालते. बाथरूमच्या टाइल्सवरचे पांढरे क्षार पाण्याचे असतात, ते झिजेतच जातात. तेलकट चिमणी मात्र तुमची. तिच्या सर्व्हिसिंगचे १,००० धरा.

वीजबिल पूर्ण तुमचं. फक्त महावितरणच्या बिलावरच्या दोन तारखा बघा, मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग. चालू रीडिंग तुम्ही गेल्यानंतरचं असेल, तर त्यात रंगाऱ्यांनी वापरलेली वीजही आली असेल. किल्ली देताना मीटरचा फोटो काढला असेल तर तुमचे युनिट नेमके काढता येतील. फरक फार पडणार नाही, म्हणून मी १,४६० पूर्ण धरते.

रंग २,२००, छिद्रं ६००, ओटा १,५००, चिमणी १,०००, वीज १,४६०. बेरीज ६,७६०. काकांनी कापले ५७,७६०. फरक बरोबर ५१,०००.

आता बोलायचं कसं. तुम्हाला संबंध बिघडवायचे नाहीत, आणि ते शक्यही आहे. पण सगळं तोंडी ठेवू नका. आधी फोन करा, भेटायची वेळ मागा, आणि भेटीनंतर त्याच दिवशी लेखी पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपसोबत ईमेलही करा. मजकूर साधारण असा ठेवा:

"काका, नमस्कार. घर सोडल्यानंतरचा तुमचा हिशेब मिळाला. बेडरूमची भिंत, ओट्याचा टवका, टीव्हीची छिद्रं, चिमणी आणि वीजबिल यांची जबाबदारी आम्ही घेतो. त्याचे एकूण ६,७६० रुपये होतात, तपशील सोबत जोडला आहे. बाकी वजावट करारातल्या सामान्य झिजेत येते असं आमचं म्हणणं आहे. मिळालेले १७,२४० रुपये आम्ही डिपॉझिटचा एक भाग म्हणून जमा धरले आहेत. उरलेले ५१,००० रुपये पंधरा दिवसांत खात्यावर पाठवावेत. एखादी रक्कम योग्य आहे असं तुम्हाला वाटत असेल तर तिचं बिल आणि फोटो पाठवावेत, आम्ही नक्की विचार करू."

त्यातलं "एक भाग म्हणून" हे सोडू नका. १७,२४० घेऊन गप्प बसलात तर पुढे "तेव्हा मान्य केलं होतं" असं म्हणता येतं. याच कारणासाठी "पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला" अशा कुठल्याही मेसेजला होकार देऊ नका, अंगठ्याची खूणही नको.

बिलांची मागणी केली की पुष्कळ वेळा प्रकरण तिथेच हलतं. रंगकामाचं बिल काढायचं तर कोणत्या खोलीचे किती हे समोर येतं. समोरचा माणूस मुळात चांगला असेल तर आकडे बघून तडजोडीला येतो. काका ४५,००० वर आले आणि लगेच पैसे देत असतील, तर मी तुमच्या जागी घेतले असते. ६,००० साठी वर्षभर हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. पण १०-१५ हजार जास्तीचे देऊन "आता मिटवू या" म्हणाले, तर नाही म्हणा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह करारातल्या पत्त्यावर पाठवा. त्यानंतर वकिलाची नोटीस. पोलीस ठाण्यात जाऊ नका. हा दिवाणी वाद आहे, तिथे पैसे वसूल करून मिळणार नाहीत आणि काकांशी बोलायची वाट कायमची बंद होईल. त्याऐवजी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीसाठी अर्ज करता येतो. काकांना बोलावणं जातं, दोघांना समोर बसवून तडजोड होते, आणि झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच ताकद असते. काका आलेच नाहीत तर मात्र तिथे जबरदस्ती होत नाही. तसं झालं तर दिवाणी दावा. तो साधारणपणे पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. आणि हे बऱ्याच जणींना माहीत नसतं: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो. करारात तुमचं नाव असेल तर अर्ज तुमच्या नावानं करा.

नव्या घराचं थोडं बोलते, कारण तिथेही तुम्ही डिपॉझिट भरलं असणार. या अनुभवानंतर कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की शेवटचे दोन-तीन महिने भाडंच देऊ नका, डिपॉझिटमधून वळतं करा. मालकानं लेखी होकार दिला तर हे चालतं. होकार नसताना केलंत तर थकबाकीदार तुम्ही ठरता. पैसे मिळेपर्यंत मुदतीनंतरही घर अडवून बसणं त्याहून महाग पडतं. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दरानं पैसे भरावे लागतात.

त्याऐवजी नव्या मालकांना आत्ताच, संबंध गोड असताना, एक ईमेल पाठवा. प्रत्येक खोलीचे फोटो जोडा: ओट्याच्या कडा, सिंकखालचा भाग, बाथरूमचे नळ, खिडक्यांच्या काचा, दारांच्या कड्या, गीझरवरचं उत्पादनाचं वर्ष, मीटरचं रीडिंग. खाली एवढंच लिहा, "आज ताबा घेतला, जागेची स्थिती फोटोंत दिसते तशी आहे." पुढचा करार होताना एजंटला मसुद्यात एक वाक्य घालायला सांगा: "ताबा देतेवेळी दोन्ही पक्ष एकत्र पाहणी करून वजावटीची यादी लिहून सही करतील, त्या यादीबाहेरची कोणतीही वजावट नंतर करता येणार नाही, आणि उरलेली रक्कम त्याच दिवशी परत केली जाईल." एजंट कुरकुर करेल, छापील मसुदा बदलता येत नाही म्हणेल. ऑनलाइन नोंदणीतही जादा अटींसाठी जागा असते, तिथे ते लिहिता येतं.

काकांचं उत्तर आलं की मला कळवा. बिलं आली तर त्यांचे फोटोही पाठवा, आकडे पुन्हा मांडून बघू.